एकच पुस्तक आणि दहा बाय दहाचा स्टॉल

*नमस्कार. मी कोरेगाव तालुक्यात आरोग्यसेविका होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. नोकरीतल्या अनुभवांचं पुस्तक स्वतःच्या खर्चाने छापलं आहे. १७६ पानं, छापील किंमत २५० रुपये, ५०० प्रती, छपाईला ४५ हजार लागले. जानेवारीत साताऱ्यात मैदानावर चार दिवसांचं पुस्तक प्रदर्शन आहे. स्टॉलचं भाडं १२ हजार सांगतात. स्टॉल कसा मांडू, किती प्रती नेऊ, सवलत किती देऊ? आणि मुख्य म्हणजे, अनोळखी माणसांशी स्वतःच्याच पुस्तकाबद्दल काय बोलायचं? फार संकोच वाटतो.*

ताई, आधी भाड्याचं बघू, कारण बाकीचं बरंचसं त्यावर ठरतं. तुम्हाला एक प्रत ९० रुपयांना पडली आहे. ती २०० रुपयांना विकली (२०० च का, ते पुढे सांगते) तर मागे ११० राहतात. १२ हजार भाडं, शिवाय फ्लेक्स, टेबलावरचं कापड, एसटीचं जाणं-येणं, चार दिवसांचा चहा-जेवण यांचे अडीच हजारांच्या वर जातील. आपण २,६०० धरू. एकूण झाले १४,६००. भागिले ११०. म्हणजे १३३ प्रती विकल्या गेल्या की तुम्ही खर्चातून मोकळ्या होणार. दिवसाला ३३ प्रती. प्रदर्शन सकाळी दहा ते रात्री आठ चालतं असं धरलं, तर दर अठरा मिनिटांना एक प्रत जायला हवी, आणि तीही न थांबता चार दिवस. नवीन लेखिकेच्या एकाच पुस्तकाकडून एवढी अपेक्षा ठेवून तिथे उभं राहू नका. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चेहरा उतरेल, आणि चेहरा उतरलेल्या माणसाच्या टेबलाशी कुणी थांबत नाही.

छपाईचे पैसे तर आधीच गेलेत, ते आता कशाला धरायचे, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो ऐकू नका. ते ४५ हजार तुमच्या निवृत्तीच्या पैशातले आहेत आणि दुसरी आवृत्ती काढायची झाली तर ते पुस्तकातूनच परत यायला हवेत.

म्हणून माझं सांगणं असं की स्टॉल एकटीने घेऊ नका. तिघांत घ्या. तुमच्या वाट्याला भाड्याचे ४ हजार येतील, बाकीचे २,६०० तसेच धरले तर ६,६०० रुपये. भागिले ११०, बरोबर ६० प्रती. दिवसाला पंधरा, म्हणजे चाळीस मिनिटांना एक. हे जमण्यासारखं आहे. शिवाय दहा बाय दहाच्या जागेत एकच पुस्तक मांडलं तर स्टॉल रिकामा दिसतो, लोक लांबूनच बघून पुढे जातात. तीन वेगळी पुस्तकं असली की तीन प्रकारचे लोक आत येतात.

सोबतीला कुणाला घ्यायचं ते मात्र विचारपूर्वक ठरवा. तुमच्यासारखंच अनुभवकथन घेऊन बसलेली दुसरी लेखिका नको. शेतीवर लिहिणारा एखादा, मुलांसाठी लिहिणारी एखादी शिक्षिका, असे शेजारी चांगले. आई मुलाला घेऊन गोष्टीच्या पुस्तकाकडे येते आणि तुमचं पुस्तक हातात घेते, हे मी बरेचदा पाहिलं आहे. अर्ज करतानाच आयोजकांना विचारा की एका स्टॉलवर तिघं बसलेले चालतील का, आणि तिघांची नावं अर्जात घाला. ऐन वेळी ‘पोटभाडेकरू ठेवलाय’ असा वाद नको. कोण कधी बसणार, कुणाचे पैसे कुठे जाणार हे एका कागदावर लिहून ठेवा. प्रत्येकाचा यूपीआयचा क्यूआर कोड वेगळा, बिलबुक वेगळं.

हेही जमलं नाही तर आणखी एक वाट आहे. प्रदर्शनात येणाऱ्या एखाद्या पुस्तक विक्रेत्याकडे प्रती ठेवायच्या. चाळीस टक्के कमिशन ठरलं तर २५० वर तुम्हाला १५० मिळतात, ९० वजा जाता ६० उरतात, आणि स्टॉलचा खर्च शून्य. पण विक्रेत्याकडे शेकडो पुस्तकं असतात, तुमच्याबद्दल बोलणारं तिथे कुणी नसेल. पुस्तक तुमच्या तोंडून विकलं जाईल असं आहे, म्हणून मी हा मार्ग दुसरा ठेवते.

आता प्रती. घरी गठ्ठे फोडून प्रती तपासल्याशिवाय एकही खोका साताऱ्याला नेऊ नका. तुमचं पुस्तक १७६ पानांचं, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या अकरा घड्यांचं, छापखान्याच्या भाषेत अकरा फॉर्मचं असणार. ऑफसेटवर छापलेल्या पुस्तकात बांधणीच्या वेळी एखादा फॉर्म दोनदा लागतो, एखादा राहून जातो, क्वचित उलटा लागतो. हे बाहेरून कळत नाही. एक चांगली प्रत घेऊन प्रत्येक फॉर्म कुठल्या पानावर सुरू होतो ते टिपून ठेवा. सुरुवातीची पानं धरून मोजलं तर १, १७, ३३, ४९ अशी ती पानं येतील. मग प्रत्येक प्रतीत फक्त तेवढ्या जोडांवर नजर टाकायची. हात बसला की अर्ध्या मिनिटात एक प्रत होते. त्याच वेळी पुस्तक मधोमध उघडून पाठीचा गम तडकतो का, पान सुटून येतं का तेही बघा. सदोष प्रती वेगळ्या काढून छापखान्याला दाखवा, बहुतेक छापखाने त्या बदलून देतात. प्रदर्शनात घेतलेल्या पुस्तकात पान ६४ नंतर एकदम ८१ आलं, तर तो वाचक तुम्हाला शोधत येणार नाही. तो फक्त चार जणांना सांगेल.

७० जीएसएमच्या कागदावर, डेमी आकारात असेल तर तुमची एक प्रत साधारण दोनशे ग्रॅमची आहे. चाळीस प्रतींचा खोका आठ किलोचा होतो, तो तुम्हाला एकटीला उचलता येईल. त्याहून मोठे खोके भरू नका. पहिल्या दिवशी दोन खोके न्या, ऐंशी प्रती. एक खोका टेबलावर आणि टेबलाखाली उघडा, एक बंद. रात्री मोजायचं. चाळीसपेक्षा कमी उरल्या असतील तर दुसऱ्या दिवशी येताना एक खोका आणायचा. कोरेगाव जवळ आहे, हे तुम्हाला परवडतं. पुण्या-मुंबईच्या लेखकाला परवडत नाही, म्हणून तो सगळा माल घेऊन येतो आणि अर्धा खराब करून नेतो.

खराब होतो तो दोन गोष्टींनी. एक मैदानाची धूळ. दुसरं, जानेवारीतलं पहाटेचं दव. मंडप वरून झाकलेला असला तरी दमट हवा आत येतेच, आणि कव्हरला एकाच बाजूने लॅमिनेशन असतं. आतली बाजू ओल पिते, बाहेरची पीत नाही, त्यामुळे कव्हर बाहेरच्या बाजूला वळतं. सकाळी येऊन बघावं तर वरच्या चार प्रतींची कव्हरं उचललेली. यावर उपाय सोपा आहे. रात्री टेबलावर एकही पुस्तक उघडं ठेवायचं नाही, सगळ्या प्रती खोक्यात आडव्या रचायच्या, वर जाड प्लास्टिकचा कागद घालायचा, आणि खोका जमिनीवर न ठेवता चार विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवायचा. सकाळी कोरड्या फडक्याने आधी टेबल पुसून मग पुस्तकं काढायची. तुमच्या कव्हरचा रंग गडद आणि लॅमिनेशन मॅट असेल तर त्यावर बोटांचे ठसे फार उठतात. हाताळायच्या दोन प्रती वेगळ्या ठेवा, त्यांच्यावर ‘चाळण्यासाठी’ अशी चिठ्ठी चिकटवा आणि त्या विकू नका.

एक साधी वही करा. रोज सकाळी किती प्रती होत्या, किती विकल्या, किती भेट दिल्या, किती खराब झाल्या, रात्री किती उरल्या. भेट प्रतीचा रकाना मुद्दाम ठेवायला सांगते आहे. साताऱ्यात तुमचे नातेवाईक येतील, जुने सहकारी येतील, डॉक्टर येतील, आणि निम्मे जण ‘आम्हाला नाही का देणार?’ म्हणतील. टेबलावर उभं राहून एकाला फुकट दिलं की शेजारी पैसे काढत असलेल्या माणसाचा हात थांबतो. ज्यांना खरंच द्यायचं आहे त्यांची यादी आज करा आणि त्यांना प्रदर्शनाआधी घरी नेऊन द्या. स्टॉलवर कुणी मागितलं तर ‘अहो काका, इथला हिशेब तिघांचा आहे, इथून मला देता येत नाही’ एवढं म्हणा. ते खोटंही नाही.

किमतीचं तुम्ही विचारलंत. छापील किंमत २५० आहे ती राहू द्या. प्रदर्शनात येणारा वाचक सवलत गृहीत धरूनच येतो, दहा ते वीस टक्के सवलतीचे फलक त्याला सगळीकडे दिसत असतात. दहा टक्क्यांनी २२५ होतात आणि मग प्रत्येक वेळी पंचवीस रुपये सुटे शोधत बसावं लागतं. वीस टक्क्यांनी २०० होतात. एक नोट किंवा दोन, हिशेब तोंडी, वाचकालाही लक्षात राहतो. म्हणून २००. हीच किंमत पहिल्या दिवशी सकाळी आणि हीच चौथ्या दिवशी रात्री. शेवटच्या दिवशी काही जण १०० रुपयांवर उतरतात, ते तुम्ही करू नका. सातारा लहान गाव आहे. पहिल्या दिवशी २०० ला घेतलेल्या बाईंच्या जावेने रविवारी तेच १०० ला नेलं, की दोघींच्याही मनातून पुस्तकाची किंमत उतरते.

एकगठ्ठा घेणाऱ्यांसाठी मात्र दर वेगळा हवा, कारण तुमचे खरे वाचक गटाने येणारे आहेत. आशाताई, अंगणवाडी सेविका, नर्सिंगच्या मुली, प्राथमिक आरोग्य केंद्रातले लोक. पाच प्रती ९०० रुपयांना द्या. तुम्हाला प्रतीमागे ९० सुटतात आणि पाच जणींना वर्गणी काढून घेता येतं. त्यांना प्रदर्शनाच्या आधी फोन करा, पण नुसतं ‘या’ म्हणू नका. ‘शनिवारी अकरा ते एक मी स्टॉलवर नक्की आहे’ असं सांगा. दिवस आणि वेळ दिली की लोक येतात, आणि सहा-सात जणी एकाच वेळी टेबलाशी उभ्या असल्या की अनोळखी लोकही थांबतात.

ग्रंथालयांचा दर तिसरा. महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत असतात आणि त्यांना वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं, त्यातला काही भाग पुस्तकांवर खर्च करावा लागतो. गावोगावचे ग्रंथपाल अशा प्रदर्शनात यादी घेऊन फिरतात. त्यांना पंचवीस टक्के द्या, दोन प्रतींचे ३७५. पण त्यांना सवलतीइतकंच बिल महत्त्वाचं असतं. छापील बिलबुक आणि स्वतःच्या नावाचा शिक्का करून घ्या. बिलावर क्रमांक, तारीख, ग्रंथालयाचं पूर्ण नाव, पुस्तकाचं नाव, लेखिका, प्रती, छापील किंमत, सवलत आणि निव्वळ रक्कम हवी. पुस्तकाला आयएसबीएन असेल तर तोही लिहा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे बिलावर कर दाखवायचा नाही. फक्त पुस्तकंच विकणार असाल तर त्यासाठी नोंदणीचीही गरज पडत नाही. बिल नीट नसेल तर ग्रंथपालाला पुस्तक दाखल नोंदवहीत चढवताना अडचण येते आणि तो सरळ शेजारच्या स्टॉलवर जातो. काही ग्रंथालयं चेकने, नंतर पैसे देतात. तशी उधारी द्या, पण वहीत वेगळ्या पानावर लिहा आणि ग्रंथपालाची सही घ्या.

पैसे घेण्याबद्दल एकच. क्यूआर कोड लावाल, पण गर्दीच्या वेळी मैदानावर नेटवर्क रेंगाळतं. समोरचा आपला मोबाइल दाखवून ‘गेले बघा पैसे’ म्हणतो, तेव्हा तुमच्या फोनवर संदेश आल्याचं बघूनच पुस्तक द्या. शंका घेतल्यासारखं वाटत असेल तर तोपर्यंत पुस्तकावर सही करायला घ्या, तेवढ्यात संदेश येतो. शंभरच्या दहा-बारा नोटा आणि थोडे पन्नास जवळ ठेवा, पाचशेची नोट घेऊन येणारे बरेच असतात.

मांडणीत एकच गोष्ट साधायची आहे. चालणाऱ्या माणसाने थांबून पुस्तक हातात घ्यावं आणि योग्य पान उघडावं. तिघांत घेतलेल्या स्टॉलवर तुमच्या वाट्याला सहा फुटांचं एक टेबल येईल. त्यावर एकरंगी, जमिनीपर्यंत येणारं कापड घाला, म्हणजे खालचे खोके झाकले जातील. फुलाफुलांची चादर नको, कव्हर त्यात हरवतं. पुस्तकं सगळी आडवी पसरून ठेवली तर चार पावलांवरून फक्त कागदाच्या कडा दिसतात. मध्यभागी तीन प्रती लाकडी किंवा तारेच्या स्टँडवर उभ्या करा, कव्हर समोर. एका बाजूला दहा प्रतींचा गठ्ठा, दुसऱ्या बाजूला पाचांचा. तुमच्या पुस्तकाची जाडी पाऊण-एक सेंटीमीटर आहे, दहाचा गठ्ठा जेमतेम वीतभर होत नाही, म्हणून त्याखाली एक रिकामा खोका त्याच कापडात गुंडाळून ठेवा. गठ्ठा फार काटेकोर रचू नका, वरची प्रत थोडी तिरकी असू द्या. रचलेला गठ्ठा मोडायला लोक बिचकतात.

शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, प्रकाशन समारंभाचे फोटो टेबलावर ठेवू नका. ती जागा पुस्तकाची आहे. फ्लेक्सवरही तुमचा मोठा फोटो नको. कव्हर, त्याखाली पुस्तक कशाबद्दल आहे ते सांगणारं एक वाक्य, आणि किंमत, एवढंच. वाक्य असं काहीसं: ‘कोरेगाव तालुक्यातल्या उपकेंद्रात एका आरोग्यसेविकेने काढलेल्या रात्रींच्या खऱ्या गोष्टी’. नावापेक्षा या वाक्यावर लोक थांबतील, कारण पुस्तकाचं नाव त्यांनी अजून ऐकलेलंच नाही. अक्षरं किमान दोन इंच उंचीची ठेवा, वेलांट्या आणि मात्रांना वर मोकळी जागा सोडायला सांगा. फ्लेक्स छापून आला की अंगणात टांगा, पंधरा फुटांवर उभ्या राहा आणि चष्मा न लावणाऱ्या शेजारणीला वाचायला सांगा. चकचकीत फ्लेक्सवर संध्याकाळी दिव्याची तिरीप पडते आणि नेमकं मधलं वाक्य दिसत नाही, म्हणून मॅट घ्या. स्टॉलमध्ये बहुधा वरून एखाद-दुसरा दिवा असतो, त्याने उभ्या कव्हरवर सावली पडते. चिमट्याने लावता येणारा छोटा एलईडी दिवा आणि एक्स्टेन्शन बोर्ड सोबत ठेवा.

आता त्या ‘चाळण्यासाठी’ ठेवलेल्या प्रतींबद्दल. माणूस अनोळखी पुस्तक पुढून उघडतो. त्याला आधी अर्पणपत्रिका दिसते, मग प्रस्तावना, मग मनोगत, मग ऋणनिर्देश. सात-आठ पानं उलटून तो पुस्तक खाली ठेवतो, तुमचं लेखन त्याने वाचलेलंच नसतं. म्हणून आज रात्री पुस्तक घेऊन बसा आणि एक पान निवडा. प्रकरणाची सुरुवात नको, उपदेशाचं पान नको. जिथे काहीतरी घडतं आहे, दार वाजतंय, गाडी मिळत नाहीये, कुणीतरी बोलतंय, असं पान. त्यात रुंद कागदी पट्टी घाला, वर दिसेल अशी, आणि तिच्यावर ‘इथून वाचा’ लिहा. तेच पान मोठ्या टायपात ए-थ्री कागदावर छापून पुठ्ठ्याला लावा आणि टेबलाच्या बाजूला, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगा. पुस्तक हातात घ्यायला लाजणारी माणसं ते वाचतात. पान वाचून झालं की त्यांना पुढे काय झालं ते हवं असतं.

आणि बोलणं. तुम्ही पंचवीस-तीस वर्षं अनोळखी घरांत शिरून लसीकरण, कुटुंब नियोजन अशा अवघड विषयांवर बायकांशी बोलला असाल. त्याच्यापुढे हे कठीण नाही, फक्त क्रम सांभाळायचा. टेबलामागे खुर्चीत बसू नका, टेबलाच्या बाजूला उभ्या राहा. येणाऱ्याला आधी पुस्तक बघू द्या. त्याने हात लावेपर्यंत नजरेने नमस्कार पुरे. त्याने पुस्तक उचललं, मागचं कव्हर वाचलं, की मग म्हणा, ‘हे मी लिहिलंय. पट्टी घातलीय तिथून वाचून बघा, दोन मिनिटं लागतील.’ आणि गप्प राहा. हे गप्प राहणं सगळ्यात अवघड जातं. वाचणाऱ्याच्या कानाशी बोलत राहिलं तर त्याला ना वाचता येतं ना ऐकता येतं, मग तो सभ्यपणे ‘येतो पुन्हा’ म्हणून जातो.

‘कशावर आहे?’ असं कुणी विचारलं तर ‘माझे अनुभव आहेत, समाजाला उपयोगी पडतील’ असं सांगू नका. त्यातून काहीच कळत नाही. एक प्रसंग दोन वाक्यांत सांगा आणि थांबा. ‘पावसात ओढ्याला पाणी, पलीकडे बाळंतीण अडलेली, आणि माझ्याकडे फक्त एक कंदील आणि एक आशाताई. त्या रात्रीपासून पुस्तक सुरू होतं.’ तुमच्या पुस्तकात जे आहे तेच सांगा, पण असं, डोळ्यांपुढे येईल असं. असे तीन प्रसंग तयार ठेवा. एक बाईसाठी, एक तरुण मुलासाठी, एक आरोग्य खात्यातल्या माणसासाठी. घरी दोन-चार वेळा मोठ्याने म्हणून बघा, म्हणजे ऐन वेळी शब्द शोधावे लागत नाहीत.

एका गोष्टीची तयारी मात्र मनाशी पक्की करून या. प्रदर्शन तुमच्याच जिल्ह्यात आहे. कुणीतरी पान उलटता उलटता विचारणार, ‘ही आमच्या वाडीतलीच ना? त्या अमक्याची सून?’ तुम्ही पुस्तकात नावं बदलली असतील, तरी गावाकडच्या माणसाला खुणा पटतात. होय म्हणू नका, नाही म्हणू नका, हसून सुचवूही नका. ‘नावं, गावं बदललेली आहेत. कुणाची ओळख मी सांगत नाही, माझ्याकडे विश्वासाने आलेली माणसं आहेत ती,’ एवढंच, दर वेळी त्याच शब्दांत. विचारणारा खोदून विचारेल, शेजारच्यांचे कान टवकारलेले असतील, आणि तेव्हाच तुम्ही ठाम राहिलेल्या दिसल्या पाहिजेत. त्या बाईंसाठी ते आवश्यक आहेच. पण ऐकणाऱ्यांत तुमच्या ओळखीच्या दुसऱ्या चार बायका असतील, आपल्याबद्दलही ही कुठे बोलणार नाही, हे त्यांना तिथे कळतं. पुस्तकातल्या एखाद्या प्रसंगात नाव बदलायचं राहून गेलं असेल, किंवा गाव आणि वर्ष मिळून ओळख पटत असेल, तर तो प्रसंग स्टॉलवर सांगायलाही घेऊ नका आणि त्या पानावर पट्टीही घालू नका.

सकाळी शाळांच्या रांगा येतील. मुलांकडे दोनशे रुपये नसतात, तरी त्यांना टेबलापासून हाकलू नका. त्यांच्यासोबतच्या बाईंशी बोला, शाळेच्या ग्रंथालयासाठी बिल मिळतं हे सांगा. दुपारी एक ते चार शांत असतं, जेवण आणि हिशेब तेव्हा उरका. पाचनंतर कुटुंबं येतात, तेव्हा तिघांपैकी दोघं तरी उभे हवेत.

स्वतःच्या कविता घेऊन येणारेही भेटतील आणि टेबलासमोर उभे राहून वाचायला लागतील. त्यांचा मान राखा, पण त्यांना टेबलाच्या बाजूला घ्या, समोरची जागा अडू देऊ नका. ‘आठ वाजता आवरताना निवांत ऐकते’ म्हणा, आणि आठ वाजता खरोखर ऐका.

सही करताना बॉलपेन वापरा, जेलची शाई समोरच्या पानावर उमटते. नाव आधी कच्च्या कागदावर लिहून दाखवा. दीक्षित की दिक्षित, वैष्णवी की वैशाली, गडबडीत ऐकण्यात चूक होते आणि नाव चुकलेली प्रत मग दुसऱ्या कुणाला देता येत नाही. घेणाऱ्याला विचारून, त्याची इच्छा असेल तरच, वहीत नाव आणि फोन नंबर लिहून घ्या. जो न घेता जातो त्याला तुमचा नंबर असलेली कागदी वाचनखूण द्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाटू नका, त्या मैदानावर पायाखाली जातात.

चौथ्या रात्री आवरायची घाई होते, मंडपवाले दिवे काढायला लागतात. त्याआधी, सात वाजताच, प्रती मोजून घ्या आणि तिघांचा हिशेब तिथेच मिटवा. हाताळून मळलेल्या प्रती चांगल्या प्रतींत मिसळू नका, त्या वेगळ्या बांधा. उरलेल्यांतल्या दहा-पंधरा चांगल्या प्रती दुसऱ्याच दिवशी राजवाडा किंवा पोवई नाक्याकडच्या एखाद्या पुस्तकांच्या दुकानात ‘विक्री अथवा परत’ अशा चलनावर ठेवा. प्रदर्शनात वाचनखूण घेऊन गेलेले लोक पुढचे आठ-पंधरा दिवस विचारत असतात, आणि तेव्हा पुस्तक साताऱ्यात कुठेतरी मिळालं पाहिजे. ग्रंथालयांच्या उधारीसाठी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फोन करा. मार्चअखेरीचा हिशेब बंद होण्याआधी बिलाची दुसरी प्रत त्यांच्या हातात असू द्या.